पाहुण्यांच्या भाषणाचा वृत्तांत दर वेळी का फसतो?

मंडळाच्या वार्तापत्रात पाहुण्यांच्या भाषणाचा वृत्तांत छापायचा असतो. भाषण रेकॉर्ड झालेलं असतं, लिहिणाऱ्याने ते ऐकलेलंही असतं, तरी हातात येणारा मजकूर ठरलेला: कार्यक्रम कधी झाला, अध्यक्षस्थानी कोण होतं, परिचय कोणी करून दिला, वक्त्यांनी विषयाच्या ‘विविध पैलूंवर प्रकाश टाकला’, श्रोते ‘मंत्रमुग्ध झाले’, आभार, अल्पोपाहार. भाषणाला न आलेल्या सदस्याला यातून काय मिळालं? कधीकधी याच्या उलट होतं. मजकूर भरगच्च असतो, वाचायलाही बरा असतो आणि अंक निघाल्यावर वक्त्यांचा फोन येतो, ‘अहो, हे मी असं म्हटलंच नव्हतं.’

या दोन्ही तक्रारी काही अंकांनी हटकून परत येतात. लिहिणारा बदलला तरी येतात, म्हणून मी त्यांचा दोष कोणाच्या भाषेवर टाकत नाही. रेकॉर्डिंग कसं ऐकलं आणि त्यातून काय उचललं, इथेच घोळ असतो.

नुसते नियम सांगण्यापेक्षा एकच भाषण घेऊन बघू. आकाशनिरीक्षण मंडळाने एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांना बोलावलं आहे. विषय आहे ‘अंधारात डोळा कसा पाहतो’. रेकॉर्डिंग ५२ मिनिटांचं, त्यातली शेवटची १२ मिनिटं प्रश्नोत्तरांची. भाषण मी उदाहरणापुरतं रचलं आहे. त्यातली डोळ्यांची माहिती मात्र खरी आहे.

तक्रार पहिली: वृत्तांतात भाषणच नाही

आधी निदान. आलेला मजकूर घ्या आणि प्रत्येक वाक्यासमोर ते रेकॉर्डिंगच्या कितव्या मिनिटातून आलं ते लिहा. निम्म्याहून जास्त वाक्यं पहिल्या दहा मिनिटांतली निघाली, तर लिहिणाऱ्याने ऐकता ऐकताच लिहिलं आहे, हे नक्की. सुरुवातीला पेन जोरात चालतं, पंधराव्या मिनिटाला हात थकतो, तिसाव्या मिनिटाला ‘यानंतर त्यांनी इतरही मुद्दे मांडले’ हे वाक्य पडतं. बहुतेक वक्ते पहिली दहा मिनिटं प्रस्तावनेत घालवतात, त्यामुळे छापलं जातं तेही प्रस्तावनेतलंच. आणि ज्या वाक्यासमोर कुठलंच मिनिट लिहिता येत नाही, ते सरळ काढून टाका. ‘प्रकाश टाकला’ त्यातच जातं.

थोडा हिशेब केला की दुसरं कारण कळतं. माणूस सभेत बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो असं धरलं, तर ५२ मिनिटांत पाच-साडेसहा हजार शब्द झाले. वार्तापत्रात जागा आहे अडीचशे-तीनशे शब्दांची. म्हणजे वीस शब्दांमागे एक. इतक्या जागेत भाषण ‘थोडक्यात’ बसत नाही. सगळं थोडं थोडं घ्यायला गेलं, की विषयांची यादी उरते: ‘डोळ्यांची रचना, रातांधळेपणा, प्राण्यांची दृष्टी, दुर्बिणींची निवड यांविषयी त्यांनी मार्गदर्शन केलं.’ ही तर अनुक्रमणिका झाली. तीन मुद्दे पूर्ण घ्यायचे आणि बाकीचे सोडायचे, याला पर्याय नाही.

कोणते तीन, हे ठरवण्यासाठी पहिल्यांदा ऐकताना हातात काहीही घेऊ नका. रेकॉर्डिंग नेहमीच्या वेगाने, सलग ऐका. संपल्यावर मागे न जाता तीन वाक्यं लिहा, न आलेल्या मित्राला फोनवर सांगाल तशी. आपल्या उदाहरणात ती अशी निघतात: डोळे अंधाराला सरावायला बराच वेळ घेतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती मेहनत घालवते. लाल दिवा चालतो, पण कसलाही नाही. वय वाढलं की मोठी दुर्बीण पूर्ण कामी येईलच असं नाही.

वक्त्यांनी सर्वांत जास्त वेळ, जवळजवळ पंधरा मिनिटं, डोळ्याच्या रचनेवर आणि मांजरीच्या डोळ्यांवर घालवली होती. ते तिन्ही वाक्यांत आलं नाही, आणि ते बरोबरच आहे. मांजरीचे डोळे अंधारात का चमकतात ते ऐकायला मजा येते. पण पुढच्या निरीक्षणाच्या रात्री सदस्य त्यामुळे काही वेगळं करणार नाही. मुद्द्यावर किती वेळ गेला यावरून त्याचं महत्त्व ठरवू नका, बोलण्याच्या ओघात वेळ कसाही जातो.

दुसऱ्यांदा ऐकताना मात्र पेन घ्या. आता शोधायच्या त्या फक्त तीन जागा आणि प्रत्येक जागेच्या आसपासचे ‘पण’, ‘बहुतेक’, ‘तसं नसेल तर’. ही अटींची वाक्यं कधीकधी दहा मिनिटांनी येतात. वेग थोडा वाढवला तरी चालतो. व्हीएलसी प्लेयरमध्ये `]` दाबलं की वेग वाढतो, `[` ने कमी होतो, `=` ने पूर्ववत होतो, आणि `Shift+←` ने तीन सेकंद मागे जाता येतं. हे शेवटचं बटण एकदा सवयीचं झालं की निम्मा त्रास वाचतो.

तक्रार दुसरी: ‘हे मी म्हटलंच नव्हतं’

इथे जरा थांबू, कारण वार्तापत्राची सर्वांत जास्त नाचक्की यात होते. भाषणाच्या एकतिसाव्या मिनिटाला, अंधारात पाहणाऱ्या दंडाकार पेशींना ‘रॉड्स’ म्हणत, डॉक्टर असं बोलतात:

‘आता रेड लाइट. म्हणजे, तुम्ही सगळे लाल टॉर्च वापरता, चांगलंच आहे ते. पण लाल आहे म्हणून कितीही प्रखर चालेल असं नाही हं. रॉड्सना लाल फार कळत नाही, बरोबर, पण फार कळत नाही म्हणतेय मी, अजिबात नाही असं नाही म्हणत. दिवा लाल तर हवाच, पण मंदही हवा. नकाशा जेमतेम वाचता येईल, इतकाच.’

आणि वृत्तांतात हे येतं:

वक्त्या म्हणाल्या, की “लाल प्रकाशाचा डोळ्यांवर परिणाम होत नाही. त्यामुळे सर्वांनी लाल दिव्यांचा वापर करावा.”

डॉक्टरांनी ज्या गैरसमजाविरुद्ध सांगितलं, तोच त्यांच्या तोंडी गेला. लिहिणाऱ्याने मुद्दाम केलेलं नाही. त्याने टाचणात ‘लाल दिवा – ओके’ एवढंच लिहिलं होतं आणि रात्री त्यावरून वाक्य तयार केलं. टाचणावरून अवतरण लिहिणं हेच या तक्रारीचं मूळ. टाचण अर्थ लक्षात ठेवतं, शब्द नाही. आणि अवतरणचिन्हांच्या आत शब्दच लागतात.

असं बनवलेलं अवतरण ओळखता येतं. ते मोठ्याने वाचा. ‘वापर करावा’, ‘आवश्यक आहे’, ‘दृष्टीने महत्त्वाचे ठरते’ असं माईकसमोर बोलणारी माणसं थोडी. वाक्य परिपत्रकासारखं वाटलं, की रेकॉर्डिंगवर परत जा. बहुतेक वेळा ते तिथे सापडत नाही.

दुरुस्ती अशी. अवतरण एकच घ्यायचं, तेव्हा तिसरं ऐकणं फक्त त्याच्यासाठी ठेवा. माहिती अवतरणात घालू नका, ती आपल्या शब्दांत जास्त नीट सांगता येते. अवतरणासाठी असं वाक्य निवडा, ज्यात वक्त्याचं स्वतःचं मत आहे आणि जे आपण सांगितलं तर त्यातला जोर जाईल. वरच्या उताऱ्यात शेवटची दोन वाक्यं तशी आहेत: “दिवा लाल तर हवाच, पण मंदही हवा. नकाशा जेमतेम वाचता येईल, इतकाच.” सलग बोललेली आहेत, अट त्यांच्या आतच आहे, आणि आगापिछा माहीत नसलेल्यालाही कळतात. यात एक अक्षर बदलावं लागत नाही. जे अवतरण नीट करायला चार जागी हात लावावा लागतो, ते बहुधा चुकीचं निवडलेलं असतं.

हात लावायचाच झाला तर किती? अडखळणं, दोनदा उच्चारलेला शब्द, ‘म्हणजे’, ‘आपलं ते हे’ काढायला हरकत नाही. मधलं वाक्य गाळलं तर तिथे तीन टिंबं द्या. स्वतःचा शब्द घालावा लागला तर चौकोनी कंसात घाला. पण बाराव्या मिनिटातलं एक वाक्य आणि चाळिसाव्यातलं दुसरं एका जोडीच्या चिन्हांत कधीही घालू नका, टिंबं देऊनसुद्धा नाही. दोन्ही वाक्यं खरी असली तरी जोडून होणारं विधान वक्त्याचं नसतं. भाषाशुद्धीचाही मोह आवरा. डॉक्टर ‘रॉड्स’ म्हणाल्या असतील तर अवतरणात ‘रॉड्स’च राहू दे, ‘दंडाकार पेशी’ तुमच्या वाक्यात लिहा.

आपल्या ‘की’ने होणारा एक घोळही यातच येतो. ‘वक्त्या म्हणाल्या, की आपले दिवे फार प्रखर आहेत.’ हे ‘आपले’ कोणाचे? बोलताना डॉक्टरांनी समोरच्या सदस्यांना उद्देशून म्हटलं, की सगळ्याच निरीक्षकांविषयी? चिन्हं नसताना ‘मी’ बहुतेक वेळा कळतो, ‘आपण’ मात्र फसवतो, कारण वृत्तांत लिहिणाराही मंडळातलाच असतो. दोनच सुरक्षित वाटा आहेत: ‘की’ काढून, स्वल्पविराम देऊन, शब्दशः अवतरण, किंवा चिन्हं काढून ‘मंडळाचे दिवे’ असं स्पष्ट नाव. ‘की’ आणि वर अवतरणचिन्हं ही जोडी दिसली, की मी आत काय आहे ते रेकॉर्डिंगवर ताडून बघतोच.

अवतरणाची जागा नक्की झाली, की तेवढा आवाज वेगळा काढून मजकुराबरोबर ठेवा. संगणकावर ffmpeg हा आवाज-चित्रफिती कापणारा प्रोग्राम असेल तर एका ओळीचं काम आहे:

```
ffmpeg -ss 00:31:00 -t 60 -i bhashan.mp4 -vn avataran.mp3
```

३१ व्या मिनिटापासून एक मिनिटाचा आवाज `avataran.mp3` मध्ये मिळतो. अवतरणाच्या आधीचंही थोडं बोलणं त्यात येतं, ते मुद्दाम. संदर्भ तुटला आहे का ते संपादकाला पूर्ण भाषण न ऐकता तपासता येतं.

आकडे

आकड्यांत दोन तऱ्हेने गडबड होते. एक म्हणजे वक्त्याने सैल सांगितलेला आकडा आपण घट्ट करतो. डॉक्टर म्हणाल्या, ‘वीस-पंचवीस मिनिटं लागतात, काहींना अर्धा तासही.’ वृत्तांतात ‘२५ मिनिटे लागतात’. आता कोणीतरी घड्याळ लावून पंचविसाव्या मिनिटाला दुर्बिणीला डोळा लावणार आणि दिसत नाही म्हणून कुरकुरणार. सैल आकडा सैलच छापा.

दुसरी गडबड जास्त छुपी. डॉक्टरांनी दुर्बिणीचा हिशेब भराभर सांगितला आणि लिहिणाऱ्याने फक्त निष्कर्ष टिपला: ‘ज्येष्ठांनी ७×५० दुर्बीण वापरू नये.’ हिशेब स्वतः केला तर असं कधी लिहिलं जाणार नाही. ७×५० मध्ये ७ म्हणजे वर्धन आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५० ला ७ ने भागलं, की दुर्बिणीतून डोळ्याच्या बाजूला बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, साधारण ७ मिमी. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात जवळपास तेवढी उघडते. वयाबरोबर ती कमी उघडते. ५ मिमीच उघडली, तर झोताची कड बाहेर राहते आणि वापरात येणारं भिंग ५ गुणिले ७, म्हणजे ३५ मिमीचंच. तारे दिसतात, दुर्बीण बिघडलेली नसते, फक्त ५० मिमीचे पैसे आणि वजन पूर्ण वसूल होत नाही. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं. ‘वापरू नये’ हे लिहिणाऱ्याचं.

पडद्यावरच्या स्लाइडमध्ये एक आकडा आणि बोलण्यात दुसरा असं झालं, तर सरासरी काढू नका, मनाने निवडूही नका. वक्त्यांना विचारा.

प्रश्नोत्तरं आणि मिनिटं

प्रश्नोत्तरं गाळू नका. वक्ता आपल्या विधानाला मर्यादा घालतो तो बहुतेक तिथेच, कोणी अडवलं की. अडचण एवढीच की माईक वक्त्याकडे असतो आणि प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये पुटपुटल्यासारखा येतो. प्रश्न अंदाजाने लिहू नका; उत्तर स्वतंत्रपणे कळत असेल तरच घ्या. प्रश्न विचारणाऱ्या सदस्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय छापू नये.

मुद्द्यापुढे मिनिट-सेकंद दिले तर वाचणाऱ्याला थेट तिथे जाता येतं. ‘दिलेल्या वेळेवर दुसरंच काही आहे’ अशी तक्रार आली, तर कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: तुम्ही मूळ रेकॉर्डिंग ऐकलं, आणि सदस्यांना दिलेल्या प्रतीतून सुरुवातीचं ‘हॅलो, आवाज येतोय का’ कापलेलं आहे. वेळा शेवटच्या प्रतीवरूनच घ्या. उशीर झालाच असेल, तर एक वेळ ताडून बघा. कापणी फक्त सुरुवातीची असेल तर सगळ्या वेळा तेवढ्याच सेकंदांनी मागे न्यायच्या.

दुरुस्त झालेला मजकूर

वरचं सगळं लावल्यावर तो असा दिसतो. तारीख, अध्यक्ष आणि आभार शीर्षकाखालच्या एका बारीक ओळीत जातात, इथे मी ती ओळ गाळली आहे.

*लाल दिवा मंदही हवा*

*उजेडातून अंधारात आल्यावर मंद तारे दिसण्याइतके डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, काहींना अर्धा तासही. मधेच कोणी मोबाइलचा पांढरा उजेड डोळ्यांवर पाडला, तर त्यातला बराचसा सराव वाया जातो आणि पुन्हा वाट बघावी लागते. मंडळाच्या पाहुण्या, नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं: अंधारात पाहणाऱ्या दंडाकार पेशींमधलं रंगद्रव्य उजेडाने चटकन विरतं, पण परत तयार व्हायला वेळ घेतं. (१२:४०)*

*लाल प्रकाश या पेशींना फारसा जाणवत नाही, म्हणून नकाशा वाचायला लाल दिवा सोयीचा. पण नुसता रंग पुरेसा नाही, यावर त्यांचा भर होता. “दिवा लाल तर हवाच, पण मंदही हवा. नकाशा जेमतेम वाचता येईल, इतकाच,” असं त्या म्हणाल्या. (३१:३५)*

*तिसरा मुद्दा दुर्बिणींचा. तरुणपणी अंधारात बाहुली सुमारे ७ मिमी उघडते, पुढे ती कमी होत जाते. ७×५० दुर्बिणीचा प्रकाशझोतही साधारण ७ मिमी रुंद असतो, त्यामुळे बाहुली ५ मिमीच उघडत असेल तर कडेचा प्रकाश डोळ्यात शिरत नाही. अशांना १०×५० चा ५ मिमीचा झोत जास्त जुळतो, असं त्यांचं मत. मात्र दहापट वर्धनात हाताची थरथरही जास्त दिसते आणि दुर्बीण टेकवावी लागते, हे त्यांनी प्रश्नोत्तरांत सांगितलं. (४६:०५)*

क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘कारण सांगितलं’ हे सर्वमान्य माहितीसाठी, ‘असं त्यांचं मत’ हे जिथे दुसरा तज्ज्ञ वेगळं म्हणू शकेल तिथे. सगळीकडे ‘स्पष्ट केलं’ घातलं की हा फरक पुसला जातो, आणि ‘सिद्ध केलं’ तर भाषणाच्या वृत्तांतात लिहूच नये.

वक्त्यांना काय पाठवायचं

छापण्याआधी वक्त्यांना अवतरण आणि आकड्यांची वाक्यं पाठवा, त्यांच्या वेळा देऊन, आणि कधीपर्यंत उत्तर हवं ते लिहून. पूर्ण मजकूर ‘एकदा नजर टाका’ म्हणून पाठवला, की तो दुप्पट होऊन परत येतो: पदव्या वाढतात, सोडून दिलेली मांजर परत येते. ‘हे रेकॉर्डमध्ये नको’ असं म्हणून सांगितलेलं काही मजकुरात आलं असेल, तर ते विचारायलाही ठेवू नका, काढून टाका. रेकॉर्डिंग सदस्यांना द्यायला वक्त्यांची परवानगी आहे का, हेही याच पत्रात विचारून घ्या.

कधी रेकॉर्डिंगमध्ये वाक्य स्वच्छ ऐकू येतं आणि तरी वक्ते म्हणतात, ‘मला असं म्हणायचं नव्हतं.’ त्यांचं म्हणणं ऐका, पण चिन्हांच्या आतले शब्द गुपचूप बदलू नका, कारण सदस्यांकडे तेच रेकॉर्डिंग असतं. ते अवतरण सोडा, दुसरं घ्या, आणि सुधारलेलं म्हणणं ‘नंतर कळवलं’ असं सांगून आपल्या शब्दांत द्या. अंक निघून गेला असेल, तर पुढच्या अंकात त्याच सदरात दोन ओळींची दुरुस्ती छापा: काय छापलं होतं, काय हवं होतं. संगणकावर ठेवलेल्या जुन्या अंकातही ती जोडा, नाहीतर वर्षभराने कोणीतरी चुकीचंच वाक्य उचलून स्मरणिकेत घालतं.